अभ्यासपाठ : पेपर हातात आला आणि डोकं कोरं झालं



परीक्षा जवळ आल्या की इंदूर, बडोदा, बेळगाव, फोंडा, हैदराबाद अशा सगळ्या गटांतून एकच विचारणा येते. "मुलगा अभ्यास करतो, घरी विचारलं तर सगळं सांगतो, पण पेपरात बसला की काहीच आठवत नाही. काय करावं?" यंदाचा पाठ आम्ही याच एका प्रश्नावर ठेवला आहे. पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोनदा वाचा. ज्या घरी दहावी-बारावीचं मूल आहे तिथे आईवडिलांनी आणि मुलाने तो मिळून वाचावा.

*आमच्या समोरची गोष्ट*

इंदूरच्या आपल्या एका घरातली मुलगी दहावीला होती. शाळा सीबीएसईची. रविवारी ती आमच्याकडे अभ्यासाला येत असे, म्हणून हे सगळं आम्ही जवळून पाहिलं. जानेवारीत गणिताची प्री-बोर्ड झाली. ८० गुण, ३ तास. पहिल्या पानावरच्या एक-एक गुणाच्या प्रश्नांपैकी तिसरा तिला येईना. ती त्यावर अडून बसली. छाती धडधडू लागली, हात गार पडले. पुढच्या प्रश्नाकडे गेली तर तोही ओळखीचा वाटेना. मग अंकगणिती श्रेढीची बेरीज काढायचा तीन गुणांचा प्रश्न आला, आणि जे सूत्र तिने आदल्या रात्री दहा वेळा वाचलं होतं ते समूळ गेलं. तिने पाहिलं, खोडलं, पुन्हा पाहिलं. शेवटी २६ गुणांचे प्रश्न कोरे सोडून ती बाहेर आली. मिळाले ३८.

घरी जाताना, रिक्षात बसल्याबसल्या, तेच सूत्र तिला आपोआप आठवलं. ती रडायला लागली ती त्यामुळे. प्रश्न आला नाही याचं तिला तितकंसं वाटलं नव्हतं. "येत होतं, तरी आलं नाही" हे तिला सहन होत नव्हतं.

इथे आमची चूकही सांगायला हवी. आम्ही तिला म्हणालो, "घाबरू नकोस, शांत राहा, अजून दोनदा वाचून काढ." दोन्ही सल्ले निकामी होते. शांत राहा म्हटल्याने कुणी शांत होत नाही, आणि वाचनाने तर तिचा रोग उलट वाढत होता. तो कसा, हे आधी समजून घेऊ.

*त्या पाच मिनिटांत डोक्यात काय होतं*

आपण एखादा प्रश्न सोडवतो तेव्हा मेंदू एका छोट्या पाटीवर काम करतो असं समजा. प्रश्नातले आकडे, कुठलं सूत्र लावायचं, आतापर्यंत काय काढलं, हे सगळं त्या पाटीवर एका वेळी धरून ठेवावं लागतं. पाटी लहान आहे. तिच्यावर चार-पाच गोष्टीच मावतात. "मला येत नाहीये, वेळ चाललाय, बाबा काय म्हणतील" हे विचार त्याच पाटीवर येऊन बसतात. मग गणिताला जागा उरत नाही. मूल मूर्ख झालेलं नसतं, त्याची पाटी दुसऱ्याच मजकुराने भरलेली असते.

दुसरी गोष्ट शरीरात घडते. धोका वाटला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. हृदय जोरात चालतं, श्वास वर-वर आणि भराभर होतो, तळहात घामेजतात. याच वेळी जी ताणाची रसायनं रक्तात वाढतात ती साठवलेली आठवण वर काढण्याच्या कामात अडथळा आणतात. आठवण पुसली जात नाही. दार तेवढं अडकतं. ताण उतरला की दार उघडतं, म्हणून सूत्र रिक्षात आठवतं.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्हाला सर्वांत उशिरा कळली. वही पुन्हापुन्हा वाचली की मजकूर ओळखीचा होतो. ओळखीचा झाला की "मला येतं" असं वाटतं. पण ओळखणं वेगळं आणि स्वतःहून आठवणं वेगळं. लग्नात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो, नाव मात्र आठवत नाही, तसंच हे. परीक्षेत वही समोर नसते. तिथे ओळखायचं नसतं, आतून काढायचं असतं. ज्या कामाचा सराव कधी केलाच नाही तेच काम ताणाच्या वेळी करायला लागतं, आणि ते मोडतं.

*आधी तपासा : विसरतं की मुळात आलंच नव्हतं?*

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी आधी करावी. पेपर झाला त्या संध्याकाळी, मूल जेवून-खाऊन निवांत झालं की, सोडलेले प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. वही-पुस्तक बंद. रागावणं नाही, घड्याळ नाही. प्रत्येक प्रश्नासमोर मुलाने तीनपैकी एक खूण करावी. आता पूर्ण येतोय तर बरोबरची खूण, अर्धा येतोय तर अर्धी, आणि आताही येत नाही तर शून्य.

आमच्या मुलीच्या २६ गुणांपैकी १५ गुणांचे प्रश्न तिने निवांतपणे सोडवले, ५ गुणांचे अर्धवट आले आणि ६ गुणांचे आताही आले नाहीत. म्हणजे १५ गुण भीतीने नेले, ६ अभ्यासाने नेले, आणि ५ दोघांनी मिळून. जे ६ गुण मुळातच आले नव्हते त्यांवर श्वासाचा उपाय चालणार नाही, तिथे तो धडाच पुन्हा शिकावा लागेल. पुष्कळ घरांतून सगळा दोष भीतीवर टाकला जातो, काही घरांतून सगळा आळसावर. या एका तक्त्याने दोन्ही वाद मिटतात.

*पहिली तयारी : कोरा कागद*

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के.

पुढे २०१६ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी यात ताण मिसळून पाहिला. लोकांना परीक्षकांसमोर अचानक भाषण करायला आणि तोंडी गणितं करायला लावलं, आणि मग आधी शिकलेलं विचारलं. ज्यांनी नुसतं पुन्हापुन्हा पाहून शिकलं होतं त्यांची आठवण ताणाने घसरली. ज्यांनी न बघता आठवण्याचा सराव करून शिकलं होतं त्यांची घसरली नाही. डोकं कोरं होण्यावरचा सर्वांत भक्कम उपाय म्हणून पेपराच्या दिवशी नाही, त्याच्या कित्येक आठवडे आधी, रोजच्या अभ्यासात करायचा असतो.

आम्ही त्या मुलीला जी पद्धत लावली ती अशी. वीस मिनिटं धडा वाचायचा किंवा नमुन्याची गणितं पाहायची. मग पुस्तक बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायचं. नुसतं उलटं ठेवलं तर हात जातोच. कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत जेवढं आठवेल तेवढं लिहायचं : सूत्रं, आकृती, एक सोडवलेलं उदाहरण. आठवलं नाही तर लगेच बघायचं नाही, निदान एक मिनिट थांबून शोधायचं. ते एक मिनिट कंटाळवाणं असतं, पण खरा सराव त्याच मिनिटात होतो. शेवटी पुस्तक आणून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर. प्रत्येक वेळी लाल शाई कमी दिसली तर धडा पक्का होतोय. लाल शाई तेवढीच राहिली तर तो धडा समजलेला नाही, तिथे शिक्षकांना विचारा.

पहिले आठ-दहा दिवस मुलाला वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. आमच्या मुलीनेही चौथ्या दिवशी वही फेकली. वाचताना जे गोड भ्रम होते ते कोरा कागद काढून घेतो. आईवडिलांनी त्या दिवसांत "बघ, तुझं काहीच पाठ नाही" असं म्हणू नये. कागद कोरा निघाला तो घरी निघाला, हे चांगलंच आहे.

गणिताबाबत आणखी एक. धड्याच्या शेवटची गणितं ओळीने सोडवली की कुठलं सूत्र लावायचं हे धड्याचं नावच सांगतं. पेपरात वर धड्याचं नाव नसतं. म्हणून रोज पाच गणितं वेगवेगळ्या पाच धड्यांतून, चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडायची. आधी फक्त "हे कुठल्या धड्यातलं, काय लावायचं" एवढं एका ओळीत लिहायचं, मग सोडवायचं.

*दुसरी तयारी : सूत्र गेलं तर मागचा रस्ता*

ज्या गोष्टीला डोक्यात एकच दार आहे ती अडकली की संपलं. दोन दारं असली तर दुसऱ्याने आत जाता येतं. हे उदाहरणानेच पाहू.

प्रश्न असा होता : ७, १३, १९, ... या श्रेढीच्या पहिल्या १५ पदांची बेरीज काढा. सूत्र आहे

Sn = n/2 [2a + (n − 1)d]

समजा ते आठवत नाही. आता लहान उदाहरण घ्यायचं, ज्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं. १ + २ + ३ + ४ म्हणजे १०. पहिलं आणि शेवटचं मिळून ५. मधली दोन मिळूनही ५. म्हणजे चार संख्यांच्या दोन जोड्या, प्रत्येकी ५, एकूण १०. बेरीज म्हणजे पहिलं अधिक शेवटचं, गुणिले संख्या, भागिले दोन. सूत्र परत हातात आलं.

आता शेवटचं पद हवं. पहिल्या पदावरून पंधराव्यावर जायला १४ उड्या लागतात, प्रत्येक उडी ६ ची. ७ + १४ × ६ = ९१. पहिलं आणि शेवटचं मिळून ९८. ९८ × १५ ÷ २ = ७३५. हेच उत्तर सूत्रानेही येतं.

जी सूत्रं मुलाच्या हातून वारंवार निसटतात अशी दहा-बारा निवडा आणि प्रत्येकाचा असा मागचा रस्ता एका कार्डावर लिहून ठेवा. विज्ञानात एकक हा मागचा रस्ता असतो. वेग मीटर प्रति सेकंदात मोजतात हे आठवलं की अंतर भागिले वेळ हे आपोआप येतं. इतिहासात सनावळी गेली तर घटनांचा क्रम लावायचा, कशामुळे काय झालं ते लिहायचं. सगळ्याच गोष्टींना मागचा रस्ता नसतो. काही व्याख्या आणि नावं पाठच हवीत. ती कोऱ्या कागदाच्या हवाली.

*तिसरी तयारी : अडकल्यावरची पाच पावलं*

डोकं कोरं होणार नाही अशी खात्री कुणालाच देता येत नाही. पण झालं तर काय करायचं हे आधीपासून हाताला ठाऊक असलं पाहिजे. आम्ही पाच पावलं ठरवली.

१) पेन खाली ठेवायचं. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवायचे. नजर पेपरावरून काढून बाकाच्या कडेवर.

२) आधी श्वास बाहेर सोडायचा. मग मनात चार अंक मोजत नाकाने आत, सहा ते आठ मोजत हळू बाहेर. असं पाच वेळा, साधारण एक मिनिट. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग उतरतो, म्हणून बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब हवा. भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने उलट चक्कर आणि हाताला मुंग्या येतात.

३) मनात एक ठरलेलं वाक्य म्हणायचं. आमच्या मुलीचं होतं, "दार अडकलंय, उघडेल." "मी घाबरलेली नाही" असलं वाक्य चालत नाही, कारण ते खोटं आहे आणि मनाला कळतं.

४) तो प्रश्न सोडायचा. उत्तरपत्रिकेत त्याला जागा ठेवायची किंवा प्रश्नपत्रिकेवर गोल करायचा, आणि ज्याचं उत्तर नक्की येतं असा एक प्रश्न लिहायला घ्यायचा. मग तो एक गुणाचा असला तरी चालेल. लिहिता हात आणि ओळखीचं उत्तर यांनी पाटी रिकामी होते.

५) दहा-पंधरा मिनिटांनी परत यायचं. थेट सूत्र आठवायचा हट्ट नको. आजूबाजूने जायचं : हा कुठला धडा, वहीत कुठल्या बाजूला होता, आकृती कशी होती, सरांनी कुठलं उदाहरण दिलं होतं. आणि मागचा रस्ता. दुसऱ्यांदाही नाही आलं तर प्रश्नात काय दिलंय ते आणि पहिली पायरी लिहायची. बोर्डाच्या तपासणीत बरोबर पायऱ्यांना गुण असतात, कोऱ्या जागेला काहीच नसतो.

किती वेळ अडून बसायचं याचा हिशोब आधीच करावा. ३ तास म्हणजे १८० मिनिटं, गुण ८०, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. एक गुणाच्या प्रश्नावर दोन मिनिटं झाली आणि रस्ता दिसत नाही, की चौथं पाऊल. आमच्या मुलीने प्री-बोर्डात त्या तिसऱ्या प्रश्नावर पंधरा मिनिटं घालवली होती. पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

*चौथी तयारी : घरातला परीक्षा हॉल*

ही पाच पावलं वाचून येत नाहीत. पोहणं काठावर बसून येत नाही, तसंच. म्हणून ताण थोडाथोडा वाढवत त्यांचा सराव करावा लागतो. आमच्याकडे सात आठवडे होते. ते आम्ही असे वापरले.

पहिले दोन आठवडे घरातल्याच टेबलावर, वीस मिनिटांची, पाच प्रश्नांची छोटी परीक्षा, दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून तासाभराची, समोर घड्याळ. पाचव्या आठवड्यापासून दर रविवारी पूर्ण तीन तासांची, आणि तीही ओळखीच्या एका काकांकडे, परक्या खोलीत, परक्या खुर्चीवर, सकाळी १०.३० लाच. काका अधूनमधून मागे येऊन उभे राहत. पाणी बाटलीतलं, पेन तेच, शाळेचा गणवेशही तोच.

यात एक युक्ती आम्ही मुद्दाम केली. पेपराच्या पहिल्या पानावर तिला नक्की न येणारा एक प्रश्न घालून ठेवायचो. तिला ठाऊक होतं की असा एक असणार, कुठला ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे "पहिलाच येत नाही" ही अवस्था तिने घरी चार वेळा भोगली आणि दर वेळी त्यातून बाहेर आली. भीती गेली ती समजुतीने नाही, या चार वेळांनी गेली.

प्रत्येक परीक्षेनंतर गुणांबरोबर एकच आकडा लिहायचा : अडकून किती मिनिटं गेली. पहिल्या पूर्ण पेपरात २० गेली, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात ९. हा आकडा उतरतोय म्हणजे तयारी बरोबर चालली आहे, गुण हळू वाढत असले तरी. हा आकडा दोन-तीन पेपर उतरलाच नाही तर पायरी फार मोठी घेतली आहे. पुन्हा तासाच्या पेपरावर या.

*आदली रात्र आणि सकाळ*

आदल्या रात्री नवीन काही उघडायचं नाही. मागच्या रस्त्यांची कार्डं एकदा, बस. झोप कापून केलेला अभ्यास तोट्याचा, कारण दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. आणि अपुऱ्या झोपेने ती पाटी आणखी लहान होते. सकाळी नेहमीचंच खाणं. इंदूरकरांनी पोहे खावेत, पण नेहमीएवढेच. चहा-कॉफी रोज घेत नसाल तर त्या दिवशी सुरू करू नका. धडधड वाढते आणि मुलाला ती भीतीच वाटते. घरात रोजची प्रार्थना असेल ती तेवढीच करा. त्या दिवसासाठी नवा नेम लावू नका. "नेम चुकला" ही आणखी एक भीती होते.

निघण्याआधी दहा मिनिटं, मनातली सगळी काळजी एका कागदावर लिहून काढायची, आणि कागद फाडून टाकायचा. शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात, २०११ मध्ये छापलेल्या, असं लिहिल्याने परीक्षेची जास्त धास्ती असलेल्या मुलांचे गुण सुधारलेले दिसले. सगळ्यांना याचा उपयोग होतोच असं नाही. म्हणून घरच्या पेपरांत दोनदा करून पाहा, आणि बरं वाटलं तरच त्या दिवशी करा.

सीबीएसईत १०.१५ ते १०.३० पेपर नुसता वाचायला मिळतो. या पंधरा मिनिटांचं एकच काम : नक्की येणारे तीन प्रश्न शोधायचे. लिहायला सुरुवात त्यांनी करायची. अवघड प्रश्न दिसले तर पुढे जायचं, मनात सोडवत बसायचं नाही. इतर बोर्डांत वाचायला किती वेळ आहे ते शाळेत आधीच विचारून ठेवा.

*आता आपल्यासाठी, म्हणजे मोठ्यांसाठी*

हे लिहिताना आम्हालाच ओशाळल्यासारखं होतंय. प्री-बोर्डच्या आदल्या रात्री त्या मुलीच्या आईच्या फोनवर आपल्याच गटातून कितीतरी निरोप आले होते. "नव्वदच्या वर हवेत हं", "आमच्या नातवाला पंच्याण्णव होते", "पेपर झाला की लगेच कळवा". कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण ती मुलगी पेपराला बसली ती हे सगळे लोक पाठीशी घेऊन. तिच्या पाटीवर आधीच आपण लिहून ठेवलं होतं.

म्हणून विनंती. बोर्डाच्या आठवड्यात परीक्षेच्या घरी फोन नको, गटावर गुणांची चर्चा नको. पेपर सुटल्यावर फाटकापाशी "कसा गेला?" विचारू नका. "भूक लागली का?" विचारा. दुसऱ्या पेपराच्या आधी झालेल्या पेपराची उत्तरं ताडून पाहू नयेत. झालेला पेपर बदलत नाही, पुढचा बिघडतो.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगतो. मूल दोन आठवड्यांहून जास्त नीट झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, परीक्षा नसतानाही अचानक घाबरून श्वास कोंडत असेल, किंवा "मी नसलेलंच बरं" असं काही बोललं असेल, तर हा पाठ बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. घरात कुणाची झोपेची किंवा धडधडीची गोळी असेल ती मुलाला देऊ नका. त्याने पेपरात सुस्ती येऊ शकते, कुणाला अपायही होतो.

*पुढे काय झालं*

बोर्डाच्या गणिताच्या पेपरात त्या मुलीचं डोकं पुन्हा कोरं झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण या तयारीने ते कधीच होत नाही असं कुणी समजू नये. त्रिकोणमितीच्या एका प्रश्नावर हात थांबला. तिने पेन ठेवलं, पाच श्वास घेतले, प्रश्नाला गोल केला, संभाव्यतेचा सोपा प्रश्न लिहिला आणि वीस मिनिटांनी परत आली. आकृती काढल्यावर तो सुटला. सगळे मिळून चार मिनिटं गेली असं तिनेच सांगितलं. एक दोन गुणांचा प्रश्न शेवटपर्यंत आला नाही, तिथे तिने पहिली पायरी लिहून ठेवली. ८० पैकी ६१ मिळाले.

आजीने विचारलं, "भीती वाटली का गं?" ती म्हणाली, "वाटली ना. पण मला माहीत होतं, आता काय करायचं ते."

या रविवारी प्रत्येक घराने एवढंच करावं : एक कोरा कागद, वीस मिनिटांची एक छोटी परीक्षा, आणि अडकून गेलेल्या मिनिटांचा एक आकडा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या रविवारी त्याखाली दुसरा लिहा.

आपले नम्र,
अभ्यासपाठ मंडळी